फोटोतल्या थप्पीत पोती किती? मोजायचं कसं आणि चूक किती ते लिहायचं कसं

पुण्यात बँकांकडे तारण ठेवलेल्या मालाची पडताळणी करण्याचं माझं काम आहे. मार्केट यार्डातला भुसार विभाग, हडपसरकडची गोदामं, चाकणच्या बाजूची मोठी शेड, असं फिरणं चालू असतं. पूर्वी प्रत्येक ठिकाणी स्वतः जावं लागायचं. आता बऱ्याचदा आधी मोबाइलवर फोटो येतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "यात किती पोती आहेत, अंदाजे सांगा." या 'अंदाजे'चं करायचं काय, हे मला बरीच वर्षं नीट कळलेलं नव्हतं. मी एक आकडा लिहायचो, पुढे 'अधिक-उणे पाच टक्के' असं जोडायचो आणि मोकळा व्हायचो. ते पाच टक्के कुठून आले असं कुणी विचारलं असतं, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हा लेख त्या उत्तराबद्दल आहे. एकच फोटो घेतो, पन्नास किलोच्या गव्हाच्या पोत्यांची एकच थप्पी, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजून दाखवतो.

मोजण्याआधी फोटो तपासा

फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की त्याचा आकार कमी होतो आणि लांबच्या पोत्यांच्या कडा एकमेकांत मिसळतात. म्हणून पाठवणाऱ्याला सांगा, की फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. दुसरं म्हणजे मोबाइलची रुंद लेन्स, म्हणजे ०.५ची, वापरू देऊ नका. तिच्यात सगळी थप्पी मावते हे खरं, पण कडेची पोती ताणल्यासारखी दिसतात आणि मधली बारीक होतात. साध्या लेन्सने पाच-सहा मीटर मागे सरकून काढलेला फोटो कितीतरी चांगला.

कोनही महत्त्वाचा. समोरून सरळ काढलेल्या फोटोत एकच बाजू दिसते आणि थप्पी मागे किती खोल आहे ते अजिबात कळत नाही. थप्पीच्या कोपऱ्यासमोर उभं राहून काढला, तर पुढची बाजू आणि एक कड अशा दोन्ही दिसतात. मी नेहमी कोपऱ्याचाच फोटो मागतो. समोरासमोरचा एकच फोटो आला, तर मी एकूण आकडा देतच नाही. 'दर्शनी भागात इतकी पोती दिसतात' एवढंच लिहितो.

एकाच गोदामाचे चार-पाच फोटो आले असतील, तर आणखी एक धोका असतो. एकच थप्पी दोन बाजूंनी काढलेली असते आणि आपण तिला दोन थप्प्या समजून मोजतो. यावर साधा उपाय असा, की प्रत्येक थप्पीवरची एखादी खूण शोधायची. फाटलेलं पोतं, वेगळ्या रंगाच्या सुतळीची शिवण, खांबावर लिहिलेला क्रमांक. ती खूण दुसऱ्या फोटोत सापडते का ते पाहायचं. खूण सापडली नाही, तरी त्या दोन थप्प्या वेगळ्या आहेत असं ठरत नाही. त्या वेगळ्या आहेत की नाहीत हे कळलेलं नाही, एवढंच त्यातून म्हणता येतं.

आणि एक शिस्त मी स्वतःला लावून घेतली आहे. मालकाच्या नोंदवहीतला आकडा मोजणी संपेपर्यंत पाहायचा नाही. एकदा तो डोक्यात बसला की शंकास्पद पोती आपोआप त्याच्या बाजूने मोजली जातात. हे माझ्या बाबतीत झालेलं आहे आणि मोजताना मला त्याचा पत्ताही लागला नव्हता.

पोतं मोजण्याआधी थर ओळखा

मार्केट यार्डात एका मुकादमांनी मला सांगितलं होतं, "साहेब, पोतं मोजू नका. थर कसा बांधलाय ते बघा, पोती आपोआप मोजली जातील." या कामात मला मिळालेला हा सगळ्यात उपयोगी सल्ला.

हमाल थप्पी लावतात तेव्हा सगळी पोती एकाच दिशेने रचत नाहीत. तशी रचली तर थप्पी फाकते. ते एक थर आडवा घालतात आणि त्यावरचा थर त्याला काटकोनात. त्यामुळे पुढून पाहिलं, की एका थरात पोत्यांची पूर्ण लांबी दिसते आणि वरच्या थरात पोत्यांची फक्त तोंडं दिसतात. पहिल्याला मी या लेखात आडवा थर म्हणतो, दुसऱ्याला तोंडाचा थर.

ही बांधणी जमण्याचं कारण पोत्याच्या मापात आहे. पन्नास किलोच्या तागाच्या रिकाम्या गोणीचं प्रमाण माप ९४ बाय ५७ सेंटिमीटर असतं. गहू भरून, तोंड शिवून ती थप्पीत दबली, की माझ्या मोजमापात साधारण ७५ सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि १७ जाड होते. म्हणजे लांबी आणि रुंदीचं प्रमाण तीनास दोन. जिथे दोन पोती लांबीने मावतात, तिथे तीन पोती रुंदीने मावतात. म्हणून आडव्या थरात पुढून ८ पोती दिसत असतील, तर तोंडाच्या थरात १२ दिसायला हवीत. असं गणित जुळलं, की थर बरोबर ओळखला. नाही जुळलं, तर कुठेतरी पोतं सुटलेलं आहे किंवा थप्पीत मधेच बदल केलेला आहे.

माल वेगळा असेल, तर मापं वेगळी. तांदळाचे ३० किलोचे प्लॅस्टिकचे कट्टे निसरडे असतात, दबून पसरट होतात, त्यांचं प्रमाण वेगळं पडतं. त्या मालाची दोन-चार पोती प्रत्यक्ष मोजून ठेवल्याशिवाय त्यावर गणित बांधू नका.

आता फोटो

कोपऱ्यातून काढलेला फोटो आहे. पुढची बाजू डावीकडे पसरलेली, उजवी कड मागे जाताना दिसते. खाली लाकडी पॅलेट आहेत. मागची बाजू भिंतीकडे आणि डावी कड दुसऱ्या मालाकडे, त्या दोन्ही दिसत नाहीत.

सुरुवात थरांपासून करायची, कारण चूक झाली तर सगळ्यात महाग तीच पडते. पुढच्या बाजूला तीन ठिकाणी, म्हणजे डाव्या टोकाला, मधे आणि कोपऱ्यावर, खालून वर थर मोजायचे. तिन्ही ठिकाणी सारखा आकडा यायला हवा. इथे तिन्हीकडे १४ पूर्ण थर आले आणि वर पंधरावा अर्धवट थर होता.

खालच्या थराकडे विशेष लक्ष द्या. पॅलेटची फळी दिसते का? ती दिसली तरच आपण पहिल्या थरापासून मोजलं अशी खात्री धरता येते. एका गोदामाच्या फोटोत मी १३ थर मोजले होते. प्रत्यक्षात १४ होते. थप्पीसमोर रिकाम्या बारदानाचा ढीग टाकलेला होता आणि त्यामागे सगळ्यात खालचा थर झाकला गेला होता. पॅलेट दिसत नव्हतं ही गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवी होती. एक थर सुटला आणि माझा आकडा एका झटक्यात जवळपास पन्नास पोत्यांनी कमी आला.

त्यानंतर एकेका थरातली पोती. फोटो मोठा करून किंवा कागदावर छापून घ्यायचा आणि मोजलेल्या प्रत्येक पोत्यावर ठिपका द्यायचा. थर बदलला की ठिपक्याचा रंग बदलायचा. नुसत्या नजरेने मोजत गेलं, की सुतळीच्या शिवणीपाशी डोळा हमखास एक ओळ चुकतो.

या फोटोत पुढून आडव्या थरात ८ आणि तोंडाच्या थरात १२ पोती दिसली. उजव्या कडेवर उलट झालं. पुढून आडवा असलेला थर कडेने तोंडं दाखवतो, तिथे ६ होती. पुढून तोंडाचा असलेला थर कडेने लांबी दाखवतो, तिथे ४ होती. आठास बारा, चारास सहा, दोन्हीकडे प्रमाण जुळलं.

याच कामाला माझ्या एका सहकारी ताईंनाही मी वेगळं बसवलं. आम्ही एकमेकांचे आकडे पाहिले नव्हते. पुढच्या बाजूची पोती मी १३९ मोजली, त्यांनी १४०. मग सरासरी काढण्याऐवजी आम्ही थराथराने ताळा केला आणि फरक सहाव्या थरात सापडला. तिथे दोन पोती एकमेकांवर कलली होती आणि वर सावली पडली होती. मला तिथे ११ दिसत होती, त्यांना १२. बांधणीच्या हिशोबाने तिथे १२ असायला हवीत. पण 'असायला हवीत' म्हणून मी १२ दिसली असं लिहीत नाही. टिपणात नोंद अशी जाते: सहावा थर, ११ स्पष्ट, एक शंकास्पद.

दिसलेली पोती आणि गृहीत धरलेली पोती

पूर्ण थर १४. त्यातले ७ आडवे आणि ७ तोंडाचे. पुढची बाजू ७ × ८ आणि ७ × १२, मिळून १४०. उजवी कड ७ × ६ आणि ७ × ४, मिळून ७०. कोपऱ्यावरचं पोतं दोन्ही बाजूंना दिसतं, म्हणून प्रत्येक थरामागे एक वजा करायचं, एकूण १४. राहिली १९६. या पूर्ण थरांतली एवढीच पोती फोटोत दिसतात.

आता थप्पी आतून भरीव आहे असं धरलं, तर आडव्या थरात ८ × ६ म्हणजे ४८ आणि तोंडाच्या थरात १२ × ४, म्हणजे तीही ४८. चौदा थरांची ६७२.

या दोन आकड्यांकडे जरा थांबून पाहा. ६७२ पैकी १९६ पाहिलेली आहेत आणि ४७६ कुणीही पाहिलेली नाहीत. दर दहा पोत्यांमागे सातांहून अधिक पोती माझ्या गृहीतकातून आलेली आहेत. माझं जुनं 'अधिक-उणे पाच टक्के' हे दिसणाऱ्या पोत्यांच्या मोजणीतल्या चुकीबद्दल होतं. न दिसणाऱ्या पोत्यांबद्दल ते काहीच सांगत नव्हतं, पण वाचणाऱ्याला मात्र सगळ्या आकड्याची हमी मिळाल्यासारखं वाटायचं.

म्हणून चुकीचे दोन प्रकार कायम वेगळे ठेवायचे. एक मोजणीची चूक. ती दोघांनी मोजली, तिघांनी मोजली, की कमी होते. दुसरी गृहीतकाची चूक. तोच फोटो शंभर वेळा मोजला तरी ती तसूभरही कमी होत नाही. ती कमी करायला नवी माहिती लागते.

पंधरावा थर

वरचा अर्धवट थर हा फोटोवरच्या मोजणीतला सगळ्यात अवघड भाग आहे, कारण फोटो खालून काढलेला असतो. इथे पुढच्या कडेवर आठपैकी ५ पोती दिसत होती, डावीकडच्या तीन जागा रिकाम्या. उजव्या कडेवर सहापैकी ३ तोंडं दिसत होती. कोपऱ्याचं एक दोन्हीकडे धरलं गेलं, म्हणून दिसलेली ७.

मागे किती असतील? पॅलेटसह चौदा थरांची उंची साधारण अडीच मीटर. मोबाइल छातीच्या उंचीवर, दीड मीटरवर, आणि माणूस पाच मीटर लांब. कागदावर रेघ ओढून पाहिलं, तर कळतं की थप्पीच्या पुढच्या कडेपासून एक मीटर मागे ठेवलेलं पोतं या फोटोत दिसणं शक्यच नाही. पुढची कडच त्याला झाकते. म्हणून वरच्या थरात कमीत कमी ७ पोती आहेत. जास्तीत जास्त किती, तर ४८ मधून दिसणाऱ्या रिकाम्या जागा वजा करायच्या, पुढच्या ३ आणि कडेच्या ३, म्हणजे ४२. पुढच्या रिकाम्या जागांमागे दुसऱ्या ओळीतल्या पोत्याची कड डोकावायला हवी होती आणि ती दिसत नव्हती. पण तिथे अंधार होता, म्हणून त्या न दिसण्याचा आधार मी घेतला नाही.

सात ते बेचाळीस हा पल्ला फार मोठा वाटतो. बरेच जण इथे मधला आकडा धरून पुढे जातात आणि पल्ला लिहीतच नाहीत. तो लिहायलाच हवा, कारण फोटोत खरंच तेवढीच माहिती आहे.

चूक एकाच बाजूला झुकते

आता उरलेली गृहीतकं एकेक करून तपासू. पूर्ण थरात ४८ हून जास्त पोती मावूच शकत नाहीत, पण ४८ पेक्षा कमी सहज असू शकतात. मागच्या बाजूला खांब, पाइप किंवा खिडकी असेल, तर हमाल तिथलं पोतं सोडतात. न दिसणाऱ्या बाजूंसाठी मी दर थरामागे एक पोतं कमी असू शकेल असं धरतो, म्हणजे खालच्या बाजूला १४. ही माझी ठरवलेली मुभा आहे आणि अहवालात ती तशीच लिहिली जाते. सहाव्या थरातलं शंकास्पद पोतं खरोखर नसेल आणि त्याच्या मागची ओळही नसेल, तर आणखी ४ कमी.

म्हणजे भरीव थप्पीसाठी खालचा आकडा ६७२ आणि ७, त्यातून १८ वजा, ६६१. वरचा आकडा ६७२ आणि ४२, म्हणजे ७१४. बाहेरच्या बाजूला पूर्ण करून ६६० ते ७१५. एकच आकडा मागितला, तर मी सुमारे ६९० म्हणेन. वरच्या थरातला मधला आकडा धरला तर बेरीज ६९६ येते, पण पूर्ण थरांतली चूक फक्त कमीच्या बाजूला होऊ शकते, म्हणून थोडा खाली. इथे 'अधिक-उणे' असं लिहिणं चुकीचं ठरेल, कारण ६९० पासून वर २५ची जागा आहे आणि खाली ३०ची. फरक लहान वाटतो, पण वरचा थर स्पष्ट दिसत असेल, तेव्हा वर जवळपास काहीच जागा उरत नाही आणि सगळी चूक खालच्या बाजूला जाते.

शेवटचं गृहीतक सगळ्यात मोठं: थप्पी आतून भरीव आहे. ती पोकळ असेल तर? आडव्या थरात फक्त बाहेरची कड धरली, तर २४ पोती लागतात, तोंडाच्या थरात २८. सात-सात थरांची मिळून ३६४. वरची ७ धरून ३७१. बाहेरून ही थप्पी आणि ७०० पोत्यांची भरीव थप्पी या फोटोत हुबेहूब सारख्या दिसतील.

पोकळीची शक्यता मी ६६० ते ७१५ या पल्ल्यात मिसळत नाही. मिसळली तर पल्ला ३७० ते ७१५ होईल आणि त्याचा कुणालाच उपयोग होणार नाही. ती वेगळ्या वाक्यात, अट म्हणून लिहायची. थप्पी पोकळ असते ती बहुतेक वेळा लबाडीनेच असं नाही. मधली पोती आधी काढून विकली गेलेली असतात, किंवा धुरीसाठी आणि हवेसाठी मधे गाळा सोडलेला असतो.

गृहीतक तपासायला काय मागायचं

सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे वरून काढलेला फोटो. शिडीवर चढून, किंवा मोबाइल लांब काठीला बांधून व्हिडिओ चालू ठेवून तो मिळतो. त्याने पंधरावा थर पूर्ण सुटतो. पोकळी मात्र वरच्या फोटोत दिसेलच असं नाही, कारण वरचे एक-दोन थर फळ्यांवर टेकवलेले असू शकतात.

दुसरी गोष्ट हमालीची आणि तोलाईची पावती. मार्केट यार्डात हमाली नगावर ठरते. पोतं उचललं तर पैसे, नाही उचललं तर नाही. त्यामुळे हमालांचा हिशोब मालकाच्या नोंदवहीपासून स्वतंत्र असतो आणि तो सहसा चुकत नाही, कारण त्यात त्यांची मजुरी असते. त्या थप्पीतून नंतर माल गेला का, हे मात्र वेगळं विचारावं लागतं.

तिसरी गोष्ट आकारमानाची पडताळणी. एका पोत्याचं आकारमान ०.७५ × ०.५० × ०.१७, म्हणजे साधारण ०.०६४ घनमीटर. पन्नास किलो गव्हाला जवळपास तेवढीच जागा लागते, म्हणून हे माप खात्रीचं आहे. थप्पी ६ मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि पॅलेट सोडून २.३८ मीटर उंच, सुमारे ४३ घनमीटर. कुणी म्हणालं, की या थप्पीत ९०० पोती आहेत, तर त्यांना ५७ घनमीटर जागा लागेल. ती इथे नाही. ही पडताळणी अचूक आकडा देत नाही, पण अशक्य आकडा लगेच बाजूला काढते. फोटोत पोती नीट मोजता येत नसतील, तेव्हा माप काढायला ओळखीची वस्तू शोधा. सरकारी गोदामांत जमिनीवर थप्पीसाठी पट्टे आखलेले असतात आणि तिथे ३० बाय २० फुटांची थप्पी प्रमाण मानतात. तो पट्टा फोटोत आला, तर मोजपट्टीच मिळाली. मात्र मापाची वस्तू थप्पीच्या कडेला लागून हवी. पुढे उभा असलेला माणूस मोजपट्टी म्हणून वापरला, तर थप्पी लहान भरते.

क्रेटचं काम तुलनेने सोपं आहे. नारायणगावच्या टोमॅटोचे प्लॅस्टिक क्रेट घ्या. ते दबत नाहीत, कलत नाहीत, म्हणून दिसणारे क्रेट अचूक मोजता येतात आणि जाळीतून भरलेला की रिकामा तेही कळतं. पण क्रेटचे उभे मनोरे एकमेकांत गुंतलेले नसतात. त्यामुळे पुढचा मनोरा आठ क्रेटचा असला, तरी मागचा पाचाचा असू शकतो. पोत्यांच्या थप्पीत थर सलग असतो, क्रेटमध्ये तसं काही बंधन नाही. म्हणून मागच्या प्रत्येक मनोऱ्याचं वरचं टोक दिसल्याशिवाय त्याची उंची धरायची नाही.

अहवालात काय लिहायचं

या फोटोसाठी मी लिहिलेला मजकूर असा होता:

> फोटोत २०३ पोती प्रत्यक्ष दिसतात. दोघांनी स्वतंत्रपणे मोजली. सहाव्या थरातलं एक पोतं यात धरलं आहे, ते शंकास्पद आहे. थप्पी आतून भरीव आहे असं धरल्यास एकूण पोती ६६० ते ७१५, सुमारे ६९०. या पल्ल्याचा मोठा भाग वरच्या अर्धवट थरामुळे आहे (७ ते ४२ पोती). न दिसणाऱ्या बाजूंसाठी दर थरामागे एक पोतं कमी असू शकेल असं धरलं आहे. थप्पी भरीव आहे हे या फोटोवरून ठरवता येत नाही; ती आतून पोकळ असल्यास संख्या ३७१ पर्यंत खाली जाऊ शकते. वजन तपासलेलं नाही.

बँकेतल्या अधिकाऱ्यांना असा मजकूर पहिल्यांदा आवडत नाही. त्यांना एक आकडा हवा असतो. मी त्यांना सांगतो, की ६९० घ्या, पण कर्जाचा हिशोब ६६० वर करा आणि पोकळीचं वाक्य वगळू नका.

पल्ला बरोबर घालता येतो की नाही, हे तपासायचा एकच मार्ग मला माहीत आहे. वही ठेवायची. फोटोवरून दिलेला पल्ला एका रकान्यात आणि माल उतरवताना किंवा उचलताना प्रत्यक्ष मोजलेला आकडा दुसऱ्या रकान्यात. समजा वीस नोंदींपैकी अठरा आकडे तुमच्या पल्ल्यात बसले, तर 'दहापैकी साधारण नऊ वेळा बरोबर' असं तुम्ही म्हणू शकता, आणि वीस नोंदी म्हणजे हे नऊही कच्चेच आहेत हेही सांगायला हवं. बाराच बसले, तर पल्ले फार अरुंद घातले जात आहेत. विसाच्या वीस बसले, तर पल्ले उगाच मोठे असू शकतात. बाहेर गेलेले आकडे कुठल्या बाजूला गेले तेही पाहा. माझ्या वहीत सुरुवातीला ते जवळजवळ सगळे खालच्या बाजूला होते, कारण मी मागच्या बाजूची पोती सोडण्याचा हिशोबच धरत नव्हतो. दर थरामागे एका पोत्याची मुभा त्या वहीतूनच आली.

या थप्पीचा वरून काढलेला फोटो दोन दिवसांनी आला. पंधराव्या थरात ३१ पोती होती. पल्ला लगेच ६८५ ते ७०३ वर आला, अट तीच. पुढच्या आठवड्यात माल उचलला गेला, तेव्हा मी स्वतः तिथे उभा राहिलो. थप्पी भरीव निघाली आणि सहाव्या थरात १२ पोती होती. एकूण भरली ६९९. चार पोती कमी होती ती मागच्या बाजूला, जिथे भिंतीवर विजेची पेटी होती. तिचं दार उघडता यावं म्हणून हमालांनी चार थरांत एकेक पोतं सोडलं होतं. त्यानंतर मी नोंदवही उघडली. तिच्यात ७०० लिहिलं होतं. राहिलेलं एक पोतं तोलकाट्याजवळ होतं, फाटलेलं, तोंड सुतळीने बांधून वेगळं ठेवलेलं.